सतराही नाही, सोळा

*मी नाशिकमध्ये स्वतंत्रपणे डिजिटल मार्केटिंगची कामं घेते. 2022 पर्यंत पुण्यातल्या एका एजन्सीत होते. माझ्या लिंक्डइन प्रोफाइलवर '150+ समाधानी ग्राहक', आठ कंपन्यांचे लोगो आणि 'विक्रीत 300% वाढ' असं लिहिलं आहे. यातलं काहीच मनाने रचलेलं नाही. पण गेल्या महिन्यात सिन्नरच्या एका कारखानदारांनी विचारलं, "या लोगोंपैकी कोणाशी बोलता येईल का?" आणि मला एकही नाव देता आलं नाही. स्वतःची बिलं मोजली तर ग्राहक 17 च भरतात. खरं लिहिलं तर लहान दिसेन, आहे तसं ठेवलं तर पुन्हा अशी वेळ येईल. काय ठेवू आणि काय काढू? ग्राहकांची यादी आणि 300 टक्केवाल्या पैठणीच्या दुकानाची ऑर्डरची शीट सोबत जोडली आहे.*

*– एक वाचक, नाशिक*

तुमची यादी आणि शीट दोन्ही सावकाश पाहिल्या. आधी एक सांगते, तुम्ही यादी जोडलीत म्हणून हे उत्तर लिहिता येतंय. आकडा कुठून आला हे दाखवायला तयार असलेल्या माणसाचं प्रोफाइल दुरुस्त करणं सोपं असतं.

दीडशेचा हिशेब असा निघतो. एजन्सीत असताना ज्या खात्यांवर तुमचा हात फिरला ती 112, तुमचे स्वतःचे 17, आणि दोन कार्यशाळांना बसलेले 26 जण. एकूण 155. यातला प्रत्येक आकडा खरा आहे, पण या तिघांची बेरीज करता येत नाही, कारण तीन ठिकाणी 'ग्राहक' या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. एजन्सीची 112 खाती एजन्सीने मिळवली, त्यांच्या चुका एजन्सीने निस्तरल्या, पैसे एजन्सीला मिळाले. कार्यशाळेला आलेल्या माणसाने तीन तास ऐकून घेतलं, स्वतःचा धंदा तुमच्या हाती दिला नाही. समोरचा माणूस 'ग्राहक' हा शब्द वाचतो तेव्हा त्याच्या मनात एकच अर्थ असतो: ज्याने या बाईंना निवडलं, त्यांच्या नावावर पैसे दिले आणि काम करून घेतलं.

हाच अर्थ धरून तुमची यादी पुन्हा मोजली. सहाव्या आणि अकराव्या ओळीवर नाशिकरोडचं हॉटेल आणि लॉन्स आहे. जीएसटी क्रमांक दोन, बिलं दोन, पण मालक एकच, आणि तुम्हाला काम द्यायचा निर्णयही त्यांनी एकदाच घेतला. मी हा एक ग्राहक धरेन. म्हणजे सतराही नाही, सोळा. तुम्ही म्हणाल, एकाने काय बिघडतं? बिघडतं असं की नाशिकसारख्या गावात ते हॉटेल आणि ते लॉन्स एकाच घरातले आहेत हे वाचणाऱ्याला माहीत असतं. त्याने यादी मागितली आणि ही जोडी दिसली, की उरलेल्या पंधरांवरही त्याची नजर संशयाने फिरते.

आता हे सोळा नुसते लिहू नका, त्यांना काळ आणि स्थिती द्या. तुमच्या यादीवरून ओळ अशी होते: 'जुलै 2022 ते मार्च 2025 या काळात 16 ग्राहक. त्यापैकी 9 सध्या चालू, आणि त्या 9 मधले 6 एक वर्षाहून जास्त काळ सोबत.' ही ओळ 150+ पेक्षा मोठी आहे असं मला मनापासून वाटतं. दीडशेमधून काहीच कळत नाही. या ओळीतून कळतं की सोळातल्या नऊ जणांना अजूनही तुमच्यावर खर्च करावासा वाटतो. 'समाधानी' हा शब्द मात्र काढा. तो तुम्ही ग्राहकाच्या वतीने बोलताय, आणि सात जण का थांबले हे तुम्ही यादीत लिहिलेलं नाही. त्यांची कारणं एकदा स्वतःसाठी तरी लिहून ठेवा. पहिल्या बैठकीत हा प्रश्न हमखास येतो.

तारीख घालायचं कारण साधं आहे. आकडा शिळा होतो, आणि तारीख नसलेला आकडा शिळा झालाय हे कोणालाच कळत नाही, तुम्हालाही नाही. दरवर्षी 31 मार्चनंतर सीएकडे द्यायला तुम्ही बिलं काढताच. त्याच दिवशी ही ओळ बदलायची, म्हणजे वेगळं काम राहत नाही.

लोगोंबद्दल बोलताना मी थोडी दुसऱ्या बाजूची आहे. चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मी अकरा वर्षं खरेदी विभागात होते. सेवा देणाऱ्यांची प्रोफाइलं आमच्याकडे यायची आणि लोगोंची रांग दिसली की मी एकच गोष्ट करायची: त्या कंपनीत माझ्या ओळखीचं कोण आहे ते शोधायचं आणि फोन लावायचा. खरेदीतली माणसं एकमेकांना ओळखतात. 'यांनी तुमच्याकडे काम केलंय का?' या प्रश्नाला समोरून 'कोण?' असं आलं, की ती फाईल तिथेच बंद. काम खरंच झालेलं असेल, पण एजन्सीमार्फत झालेलं असेल, तर त्या कंपनीच्या नोंदीत तुमचं नाव कुठेच नसतं. म्हणून लोगो लावताना विचार हा करायचा की तिथल्या माणसाला फोन गेला तर तो काय म्हणेल.

तुमच्या आठांपैकी पाच लोगो एजन्सीच्या काळातले आहेत. ते वरच्या चित्रातून काढा. पण काम केलंय ते लपवायचं कारण नाही. प्रोफाइलवर जिथे एजन्सीची नोकरी लिहिली आहे त्याच नोंदीखाली लिहा, की या काळात अमुक प्रकारच्या कंपन्यांच्या जाहिरात खात्यांवर चार जणांच्या गटात काम केलं आणि त्यात माझ्याकडे शोध-जाहिरातींचा भाग होता. तुमचा वाटा किती होता ते स्पष्ट सांगा. एजन्सी सोडताना सही केलेला कागदही काढून वाचा. त्यात ग्राहकांची नावं वापरू नयेत असं कलम असेल, तर नावं न लिहिता क्षेत्र लिहा.

सहावा लोगो बँकेचा. तुम्ही त्या बँकेच्या एका शाखेने बोलावलेल्या बचत गटांच्या महिलांसाठी तीन तासांची कार्यशाळा घेतली होती. लोगो लावला की वाचणाऱ्याला वाटतं, बँकेचं मार्केटिंग यांच्याकडे आहे. लोगोला 'किती' आणि 'कशासाठी' हे सांगता येत नाही, वाक्याला येतं. तिथे एक वाक्य पुरे: 'एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेने आयोजित केलेल्या कार्यशाळेत बचत गटांना प्रशिक्षण, 2023.'

उरले दोन, येवल्याचं पैठणीचं दुकान आणि डोळ्यांचं रुग्णालय. हे तुमचेच ग्राहक आहेत, तरी लेखी परवानगी घ्या. बिल भरलं म्हणजे नाव वापरायची मुभा मिळाली असं होत नाही. हे मी ठेच लागून शिकले. सल्लागार म्हणून काम सुरू केलं त्या पहिल्याच वर्षी एका कंपनीचा लोगो मी माझ्या पानावर लावला. काम केलेलं होतं, पैसेही मिळाले होते. दीड महिन्याने त्यांच्या खरेदी अधिकाऱ्यांचा फोन आला. परचेस ऑर्डरच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात अट होती, की लेखी संमतीशिवाय कंपनीचं नाव किंवा चिन्ह प्रसिद्धीसाठी वापरायचं नाही. मी त्याच दिवशी लोगो काढला. पुढचं काम मात्र आलं नाही. त्या अटी मी स्वतः अकरा वर्षं दुसऱ्यांना पाठवत होते, तरी माझ्यावर आल्या तेव्हा वाचल्या नाहीत. मोठ्या कंपन्यांच्या ऑर्डरवर ही अट बहुतेक वेळा असते. लहान दुकानदाराशी तुमचा करारच नसेल, म्हणून तिथे मेलवरची संमती हाच तुमचा कागद.

मेल लांब नको. असा चालेल:

"नमस्कार. माझ्या लिंक्डइन प्रोफाइलवर आणि वेबसाइटवर तुमच्या दुकानाचं नाव आणि लोगो ग्राहक म्हणून दाखवण्याची परवानगी हवी आहे. सोबत पुढचं वाक्य असेल: (इथे पूर्ण वाक्य). यातला कोणता आकडा बाहेर सांगायचा नसेल तर कळवा, तो मी काढेन. पुढे कधीही नाव काढायला सांगितलंत तर दोन दिवसांत काढेन. मान्य असेल तर या मेलला 'मान्य' असं उत्तर द्या."

वाक्य पूर्ण लिहूनच पाठवायचं. 'तुमचं नाव वापरू का?' एवढं विचारलं तर माणूस हो म्हणतो, आणि मग स्वतःच्या विक्रीचा आकडा तुमच्या पानावर पाहून दुखावला जातो. आणि संमती मालकाची किंवा भागीदाराची हवी. दुकानात व्हॉट्सअॅप सांभाळणाऱ्या मुलाने अंगठा दाखवला, ती संमती नाही.

रुग्णालयाचं प्रकरण जरा नाजूक आहे. तुम्ही लिहिलंय, 'नेत्र रुग्णालयाची रुग्णसंख्या दुप्पट केली.' डॉक्टरांसाठी 2002 पासून जी व्यावसायिक आचारसंहिता आहे, तिच्यात जाहिरात करून रुग्ण ओढण्यावर बंधनं आहेत. तुमच्या एका वाक्यामुळे उद्या त्या डॉक्टरांना कोणी जाब विचारला, तर तुमचं कौतुक त्यांच्या अंगाशी येईल. वकील आणि सीए यांच्यावरही त्यांच्या त्यांच्या संस्थांची जाहिरातबंदी किंवा कडक मर्यादा आहेत. अशा ग्राहकांकडे तुम्ही काय बांधून दिलं तेवढंच लिहा: वेबसाइट, मराठीतली रुग्णमाहिती, भेटीची वेळ ठरवायची सोय. नाव नको असेल तर वर्णन करा, पण वर्णनातून नाव फुटणार नाही हे पाहा. 'नाशिकमधलं 30 खाटांचं नेत्र रुग्णालय' म्हटलं की गावातला कोणीही बोट दाखवेल. 'उत्तर महाराष्ट्रातलं एक नेत्र रुग्णालय' एवढंच ठेवा.

आता 300 टक्के. तुमचं गणित बरोबर आहे. ऑगस्ट 2024 मध्ये दुकानाच्या ऑनलाइन ऑर्डर 6, ऑक्टोबर 2024 मध्ये 24. वाढ 18, म्हणजे सहाच्या तिप्पट, म्हणजे 300 टक्के. पण ऑगस्टमधून ऑक्टोबरमध्ये जाताना पैठणीच्या दुकानात काय होतं हे येवल्यात कोणालाही विचारा. दसरा येतो, दिवाळी येते. तुम्ही एकही जाहिरात दिली नसती तरी ऑर्डर वाढल्याच असत्या. म्हणून तुलना मागच्या वर्षीच्या त्याच काळाशी करायची.

इथे आणखी एक खाच आहे आणि ती आपल्याकडच्या धंद्यात नेहमी नडते. तुमच्या शीटमध्ये ऑक्टोबर 2023 च्या ऑर्डर 12 आहेत. ऑक्टोबरशी ऑक्टोबर ताडला तर 12 वरून 24, बरोबर दुप्पट. पण लक्ष्मीपूजन 2023 मध्ये 12 नोव्हेंबरला होतं आणि 2024 मध्ये 1 नोव्हेंबरला. म्हणजे 2023 ची दिवाळीची बरीच खरेदी नोव्हेंबरात गेली आणि 2024 ची जवळजवळ सगळी ऑक्टोबरात आली. इंग्रजी महिना धरला की सण इकडचा तिकडे होतो आणि वाढ फुगते. म्हणून लक्ष्मीपूजनाच्या आधीचे 28 दिवस धरा: 15 ऑक्टोबर ते 11 नोव्हेंबर 2023, आणि 4 ते 31 ऑक्टोबर 2024. दोन्हींत दसराही येतो, त्यामुळे जोडी समान झाली. तुमच्या शीटमधून हे दिवस वेचले तर 2023 मध्ये 18 ऑर्डर आणि 2024 मध्ये 23 निघतात. वाढ 5 ऑर्डरची, म्हणजे साधारण 28 टक्के.

तीनशेचे अठ्ठावीस झाले म्हणून वाईट वाटेल, पण अजून थोडं थांबा. शीटच्या दुसऱ्या पानावर जाहिरात खर्च आहे: त्या 28 दिवसांत 2023 मध्ये 10,000 रुपये, 2024 मध्ये 16,000. म्हणजे 6,000 जास्त घातले आणि 5 ऑर्डर जास्त आल्या, एका वाढीव ऑर्डरला 1,200 रुपये. तीनशे रुपयांच्या कुर्तीवर हा खर्च परवडला नसता. तुमच्या ग्राहकाचं सरासरी बिल 14,000 च्या घरात आहे. तिथे तो परवडतो का हे दुकानाच्या नफ्यावर ठरेल, आणि ते तुम्ही मालकांना विचारू शकता. हा हिशेब जो पुढे ठेवतो त्याच्याशी कारखानदार बोलायला बसतो, कारण तो स्वतः रोज हाच हिशेब करत असतो.

आणि त्याच काळात दुकानाने सगळे फोटो नव्याने काढून घेतले, हेही तुमच्याच शीटच्या शेऱ्यात आहे. त्यामुळे पाचही ऑर्डर तुमच्या जाहिरातींमुळे आल्या असं म्हणता येत नाही. ते सांगून टाका. मी वाक्य असं लिहीन:

'येवल्यातील पैठणी दुकान: लक्ष्मीपूजनाआधीच्या 28 दिवसांत ऑनलाइन ऑर्डर 18 (2023) वरून 23 (2024). जाहिरात खर्च 10,000 वरून 16,000 रुपये. याच काळात दुकानाने नवे फोटोही वापरले. आकडे दुकानाच्या ऑर्डर नोंदीतले.'

टक्के मुद्दाम घातले नाहीत. पाया इतका लहान असताना टक्के मोठे दिसतात आणि त्यामागचे आकडे झाकले जातात. दोन्ही आकडे दिले की टक्के ज्याला हवे तो काढेल.

शेवटचे तीन शब्द, 'दुकानाच्या ऑर्डर नोंदीतले', फार महत्त्वाचे आहेत. तुमच्या जाहिरात पॅनेलच्या स्क्रीनशॉटमध्ये त्याच 28 दिवसांसाठी मेटा 17 ऑर्डरचं श्रेय घेतंय आणि गूगल 11 चं. बेरीज 28, आणि दुकानात ऑर्डर आल्या 23. कारण एखाद्या बाईंनी इन्स्टाग्रामवर जाहिरात दाबली, दोन दिवसांनी गूगलवर दुकानाचं नाव शोधून तिथल्या जाहिरातीतून आल्या, तर ती एक ऑर्डर दोघंही आपापल्या खात्यात लिहितात. मेटा तर नेहमीच्या सेटिंगमध्ये जाहिरात दाबल्यापासून सात दिवसांतली आणि नुसती पाहिल्यापासून एका दिवसातली खरेदीही मोजतं. म्हणून पॅनेलचा स्क्रीनशॉट पुरावा म्हणून लावू नका. जाणकार माणूस त्यावरून उलट तुमचीच परीक्षा करेल.

बाकीच्या निकालांचं काय, तर तुमच्या सोळांपैकी फक्त पाच ठिकाणी काम सुरू होण्याआधीची नोंद आहे. त्या पाचांचेच आकडे सांगता येतात, आणि त्यात ज्या एका ठिकाणी चौकश्या घटल्या तेही सांगावं लागेल, जर तुम्ही 'सरासरी' हा शब्द वापरणार असाल तर. मी सरासरी काढणारच नाही, पाचही धंदे वेगळे आहेत. दोन-तीन नीट लिहिलेली उदाहरणं ठेवा. आणि इथून पुढे नवं काम घेताना पहिल्याच आठवड्यात मागच्या बारा महिन्यांच्या ऑर्डर किंवा चौकश्या मागून घ्या. नंतर ती नोंद मिळत नाही.

कायद्याचा धाक घालायचा नाही, पण अॅस्की ही जाहिरातींची स्वनियमन संस्था 1985 पासून हेच सांगते, की दावा केलात तर तो सिद्ध करता आला पाहिजे. तुमच्या फोल्डरमध्ये प्रत्येक ओळीमागे एक कागद हवा: बिलांची यादी, संमतीचे मेल, ऑर्डरची शीट.

राहिला सिन्नरचा प्रश्न, आणि खरं तर तोच सगळ्यात जवळचा आहे. त्यांना पैठणीत रस नाही. तुमच्या यादीत कारखान्यांना माल पुरवणारे तीन ग्राहक आहेत: अंबडचा पॅकेजिंगवाला, सातपूरचे दोन. लोगोंच्या गर्दीत ते दिसतच नव्हते, कारण त्यांचे लोगो कोणी ओळखत नाही. त्या तिघांना आज फोन करा आणि विचारा, की एका नव्या ग्राहकाशी पाच मिनिटं बोलाल का. जो हो म्हणेल त्यालाच लिंक्डइनवर शिफारस लिहायची विनंती करा. शब्द त्यांचे असू द्या, मसुदा तुम्ही पाठवू नका. ती शिफारस लिहिणाऱ्याच्या प्रोफाइलवरही दिसते, म्हणून माणूस तोलून लिहितो, आणि वाचणाऱ्याला त्याच्यापर्यंत पोचता येतं. फोन नंबर मात्र प्रोफाइलवर टाकू नका, मागेल त्याला, आणि दर वेळी ग्राहकाला आधी कळवूनच द्या.

आणि मग सिन्नरला हा निरोप पाठवा:

"नमस्कार साहेब. त्या दिवशी तुम्ही विचारलंत तेव्हा मला नाव देता आलं नाही, कारण त्यातले बहुतेक लोगो मी एजन्सीत असतानाच्या कामाचे होते. ते मी आता काढले आहेत. माझे स्वतःचे ग्राहक 16 आहेत, त्यातले 3 तुमच्यासारखे कारखान्यांना माल पुरवणारे. अंबडच्या एकांनी तुमच्याशी बोलायची तयारी दाखवली आहे. त्यांच्याकडे काय जमलं आणि काय नाही, दोन्ही ते सांगतील. नंबर पाठवू का?"